अर्धा राहिलेला पेपर: बारावीच्या परीक्षेत उमेदवार आजारी पडल्याचे एक प्रकरण

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षा केंद्रावर मी काही वर्षे केंद्र संचालक म्हणून काम केले. त्या काळात चक्कर, उलट्या, ताप, पोटदुखी अशा तक्रारी दरवर्षी येत आणि बहुतेक वेळा ग्लासभर पाणी, दहा मिनिटांची विश्रांती आणि धीराचे दोन शब्द एवढ्यावर उमेदवार पुन्हा लिहू लागे. पुढे दिलेले प्रकरण तसे नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्च परीक्षेत भौतिकशास्त्राचा पेपर लिहिताना विज्ञान शाखेतील एक विद्यार्थिनी इतकी आजारी पडली की तिला तो अर्धवट सोडून थेट रुग्णालयात जावे लागले. तिची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. आजारपणामुळे फेरपरीक्षा मिळते का, पेपर पुढे ढकलता येतो का, हे प्रश्न पालक दरवर्षी विचारतात. त्यांची उत्तरे या एका प्रकरणातून जितकी स्पष्ट होतात तितकी ती नियमांच्या यादीतून होत नाहीत, म्हणून हा वृत्तान्त सविस्तर लिहीत आहे.

सव्वाबाराच्या सुमारास

सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू झाला. उमेदवारांनी साडेदहालाच दालनात यायचे असते. तशी ती आली होती, हजेरीपटावर तिने सही केली होती आणि उत्तरपत्रिकेवर बारकोडही लावून झाला होता. हे बारीकसारीक वाटणारे तपशील पुढे निर्णायक ठरले. सही करून आणि प्रश्नपत्रिका हातात घेऊन लिहायला बसलेला उमेदवार मंडळाच्या दृष्टीने त्या विषयाला ‘उपस्थित’ असतो, मग तो दहा मिनिटांनी उठून गेला तरी.

सव्वाबाराच्या सुमारास पर्यवेक्षिकेने शिपायाकरवी निरोप पाठवला, की एक मुलगी पोट धरून वाकली आहे आणि तिला उलटी झाली आहे. पर्यवेक्षिका स्वतः दालन सोडून आल्या नाहीत, हे त्यांनी योग्यच केले. एका दालनात साधारण २५ उमेदवार असतात आणि त्यांना एकटे सोडून पर्यवेक्षकाने आजारी उमेदवाराबरोबर जाणे ही अशा प्रसंगी होणारी पहिली चूक असते. मी राखीव पर्यवेक्षिकेला बरोबर घेऊन गेलो. मुलीची उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका दोन्ही टेबलावरच राहू दिली, वेळ लिहून घेतली आणि तिला शेजारच्या मोकळ्या खोलीत नेले. राखीव पर्यवेक्षिका पूर्ण वेळ तिच्याजवळ बसून होत्या. दालनाबाहेर गेलेल्या उमेदवाराच्या सोबत केंद्राची व्यक्ती असणे हे काळजीपोटी तर हवेच, पण बाहेर तिचा कोणाशी संपर्क झाला नाही हे नंतर ठामपणे सांगता यावे म्हणूनही ते आवश्यक असते. याच कारणासाठी तिच्या आईला, ती फाटकाबाहेरच उभी असूनही, मी त्या क्षणी आत बोलावले नाही. आईला हा निर्णय कठोर वाटला आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु मुलगी पुन्हा लिहायला बसण्याची शक्यता असेपर्यंत घरच्या माणसाची भेट होऊ देता येत नाही.

मुलीला पुन्हा लिहायचे होते. पंचवीस मिनिटांनी ती दालनात परतली आणि तिने आणखी एक-दोन उत्तरे लिहिली. इथे अनेकांचा समज असतो की आजारपणात गेलेली मिनिटे शेवटी वाढवून मिळतात. तसे होत नाही. सत्राच्या शेवटी दिली जाणारी दहा मिनिटे सर्वांना सारखीच असतात. तो पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी संपणार होता आणि तिच्यासाठीही तो तेव्हाच संपणार होता. दिव्यांग उमेदवारांना मिळणारा वाढीव वेळ परीक्षेपूर्वी मंजूर झालेला असतो, तो ऐनवेळी आजारी पडलेल्याला केंद्र संचालक आपल्या अधिकारात देऊ शकत नाही.

एकच्या सुमारास दुखणे बेंबीजवळून सरकून पोटाच्या उजव्या बाजूला खाली उतरले, तिला सरळ उभे राहता येईना आणि अंगात ताप भरला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली आणि आईला आत बोलावले. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलीकडून उत्तरपत्रिका रीतसर जमा करून घेतली. तिने किती पुरवण्या वापरल्या, शेवटचा लिहिलेला प्रश्न कोणता आणि ती किती वाजता उठली, हे नोंदवून त्यावर पर्यवेक्षिकेची आणि माझी सही झाली. प्रश्नपत्रिका केंद्रातच ठेवून घेतली, कारण इतर उमेदवार अजून लिहीत होते आणि सत्र चालू असताना प्रश्नपत्रिका बाहेर जाऊ देणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. आवाराबाहेर पडलेल्या उमेदवाराला त्या सत्रात परत घेता येत नाही, हे मी आईला तेव्हाच समजावून सांगितले. मुलगी थोडी बरी झाल्यावर दोन वाजण्याच्या आत परत आणण्याच्या आशेवर त्यांनी जवळच्याच एखाद्या दवाखान्यात वेळ घालवू नये, एवढाच त्यामागे हेतू होता.

त्याच संध्याकाळी तिच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली.

एक चुकीची सूचना

पेपर संपल्यानंतर गठ्ठे बांधताना एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन एक सूचना केली. त्यांना मुलीबद्दल कळवळा होता यात शंका नाही. त्यांचे म्हणणे असे होते, की तिची उत्तरपत्रिका पाठवूच नये, हजेरीपटावर तिला अनुपस्थित दाखवावे, म्हणजे अर्ध्या पेपराचे कमी गुण तिच्या गुणपत्रिकेवर येणार नाहीत आणि ती पुरवणी परीक्षेत भौतिकशास्त्र नव्याने पूर्ण लिहील.

या सूचनेतला विचार वरवर पाहता अगदी निराधार नव्हता, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. पुरवणी परीक्षेत त्या विषयाचा नवा, पूर्ण पेपर मिळतो हे खरे आहे. परंतु सही झालेल्या, बारकोड लावलेल्या उमेदवाराची उत्तरपत्रिका गहाळ करणे हा परीक्षेच्या नोंदींशी केलेला खोटेपणा आहे. दिलेल्या आणि परत आलेल्या उत्तरपत्रिकांचा हिशोब परीक्षेचे गोपनीय साहित्य सांभाळणाऱ्या परिरक्षकाकडे जुळवला जातो, तिथे एक उत्तरपत्रिका कमी भरली की चौकशी सुरू होते आणि त्या चौकशीत सर्वांत आधी अडचणीत येते ती मुलगीच. लिहिलेली उत्तरपत्रिका मागे घेण्याची सोय उमेदवारालाही नाही आणि केंद्रालाही नाही. मी ती उत्तरपत्रिका इतरांबरोबरच पाठवली, आणि घडलेल्या प्रकाराचा वेळेसह लिहिलेला अहवाल त्याच दिवशी विभागीय मंडळाकडे दिला. एवढेच नव्हे, तर ही सूचना मुलीच्या हिताचीही नव्हती. का, ते निकालाच्या हिशोबात पुढे येईलच.

वडिलांच्या तीन मागण्या

दुसऱ्या दिवशी तिचे वडील रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन आले. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. पहिली, मुलगी बरी झाल्यावर तिची भौतिकशास्त्राची परीक्षा पुन्हा घ्यावी. दुसरी, ते शक्य नसेल तर इतर विषयांच्या सरासरीवरून भौतिकशास्त्राचे गुण द्यावेत. तिसरी, दोन-तीन दिवसांवर आलेला रसायनशास्त्राचा पेपर तिच्यापुरता पुढे ढकलावा. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच होते. मात्र प्रत्येक नकारामागचे कारण वेगळे आहे.

लेखी परीक्षेचा पेपर राज्यभर एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच प्रश्नपत्रिकेवर होतो. एका उमेदवारासाठी तो पुन्हा घ्यायचा म्हणजे नवी प्रश्नपत्रिका काढावी लागेल, आणि त्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी मूळ पेपराएवढीच होती हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न उरेल. म्हणून मंडळाच्या व्यवस्थेत एका व्यक्तीपुरती लेखी फेरपरीक्षा नाही. याउलट प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या परीक्षा महाविद्यालयागणिक वेगवेगळ्या दिवशीच होत असतात, तिथे समान प्रश्नपत्रिकेचा प्रश्न येत नाही. त्यामुळे आजारपणासारख्या कारणाने त्या चुकलेल्या उमेदवारांसाठी मंडळ ‘आउट ऑफ टर्न’ परीक्षा घेते. हीच मुलगी भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी आजारी पडली असती, तर तिला ती संधी मिळाली असती. फेरपरीक्षा मिळेल की नाही हे आजाराच्या गांभीर्यापेक्षा परीक्षेच्या रचनेवर ठरते, ही गोष्ट पालकांना पटवून देणे मला नेहमीच सर्वांत अवघड गेले आहे.

सरासरी गुणांचा मुद्दा वडिलांनी काढला, कारण त्यांना २०२० ची दहावीची परीक्षा आठवत होती. त्या वर्षी २३ मार्चचा भूगोलाचा पेपर करोनामुळे आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्द झाला आणि विद्यार्थ्यांना इतर विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. परंतु तिथे पेपर कोणाचाच झाला नव्हता. सर्वांनाच एक माप लावले गेले, म्हणून ते न्याय्य ठरले. तेच माप एकीला लावायचे आणि शेजारच्या बाकावर तीन तास लिहिणारीला लावायचे नाही, असे करता येत नाही.

न्यायालयात जाण्याचा विचारही वडिलांनी बोलून दाखवला. मी त्यांना परावृत्त करण्यासाठी नव्हे, तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून २०२१ मधील नीट परीक्षेचे उदाहरण सांगितले. सोलापूर जिल्ह्यातील केंद्रावर दोन उमेदवारांच्या प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिका एकमेकींशी जुळत नव्हत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांची परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला त्याला स्थगिती दिली, जेणेकरून सुमारे १६ लाख उमेदवारांचा निकाल अडून राहू नये, आणि १२ नोव्हेंबरला तो आदेश रद्दच केला. त्या प्रकरणात तक्रार परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या चुकीची होती. आमच्या प्रकरणात तर कोणाचीच चूक नव्हती.

याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती सांगितली नाहीत तर चित्र अपुरे राहील. १३ सप्टेंबर २०२० च्या नीटला करोनाची बाधा झाल्यामुळे किंवा प्रतिबंधित क्षेत्रात अडकल्यामुळे जे बसू शकले नाहीत, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने १४ ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा झाली. जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी यांसारख्या पूरग्रस्त जिल्ह्यांतील जेईई मेनच्या उमेदवारांना, केंद्रावर पोहोचता आले नाही तर, दुसरी तारीख देण्याचे जाहीर झाले. पण नीटच्या त्या संधीमागे एका माणसाचे दुखणे नव्हते, सार्वजनिक संकट होते. आणि जेईई मेन मुळातच अनेक पाळ्यांत, वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर होते आणि गुणांचे समानीकरण केले जाते, त्यामुळे तिथे तारीख बदलणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असते. दोन्ही प्रसंगी ज्यांना संधी मिळाली ते परीक्षेला बसूच शकले नव्हते. अर्धा पेपर लिहून उठलेला उमेदवार त्यांच्यात मोडत नव्हता.

रसायनशास्त्राचा पेपर

वडिलांची तिसरी मागणी पेपर पुढे ढकलण्याची होती. वेळ बदलणार नाही, हे मी सांगितले. पण जागा बदलता येते, आसन बदलता येते, आणि हाताने लिहिणे शक्य नसेल तर विभागीय मंडळाच्या मंजुरीने लेखनिकही मिळू शकतो. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अपघातात पाय जायबंदी झालेल्या दहावीच्या एका विद्यार्थिनीने रुग्णवाहिकेतच पेपर दिला होता. तिच्यासाठी पेपर थांबला नाही, पण पेपरापर्यंत तिला पोहोचवण्याची सोय केली गेली.

प्रश्न असा होता की मुलीने रसायनशास्त्राच्या पेपराला बसावे का. टाके ताजे होते, अभ्यासाची उजळणी झाली नव्हती आणि घरात दोन मते होती. आजीचे म्हणणे होते की पोर जिवानिशी वाचली हेच पुष्कळ, पेपर जूनमध्ये देईल. डॉक्टरांनी बसून लिहिण्यास हरकत नसल्याचे सांगितले होते. माझे मत विचारले गेले, तेव्हा मी आधी डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानायचा असे सांगून मग हिशोब मांडला.

तो असा. भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. ७० पैकी ‘अ’ विभाग बहुपर्यायी आणि एका वाक्याच्या प्रश्नांचा, १८ गुणांचा. ‘ब’ विभागात दोन गुणांची आठ उत्तरे, ‘क’ विभागात तीन गुणांची आठ आणि ‘ड’ विभागात चार गुणांची तीन उत्तरे लिहायची असतात. तिने ‘अ’ विभाग पूर्ण केला होता आणि ‘ब’मधील पाच उत्तरे लिहिली होती, म्हणजे २८ गुणांचे लेखन झाले होते. हुशार मुलगी, त्यातले २० च्या आसपास गुण मिळणार. प्रात्यक्षिक तिचे चांगले झाले होते. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही मिळून ३५ गुण लागतात. याचा अर्थ ती भौतिकशास्त्रात नापास होणार नव्हती, कमी गुणांनी पास होणार होती.

बहुतेक पालकांच्या नजरेतून हीच बाजू सुटते. पुरवणी परीक्षा ही मुख्यतः अनुत्तीर्णांसाठी आहे. ज्या विषयात उमेदवार उत्तीर्ण झाला तिथे गुण वाढवण्याचा मार्ग एकच, श्रेणी किंवा गुणसुधार योजनेचा. आणि ती योजना सर्व विषयांसह प्रथमच प्रविष्ट होऊन उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी आहे, असे तिच्या शब्दांतच आहे. अशा उमेदवारांना लगतच्या तीन परीक्षांची संधी मिळते. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तीर्ण झालेल्यांसाठी त्या परीक्षा म्हणजे जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६. रसायनशास्त्राला ती गैरहजर राहिली असती, तर तिचा निकाल अनुत्तीर्ण लागला असता, जूनमध्ये रसायनशास्त्र नव्याने लिहिता आले असते, पण भौतिकशास्त्राचे कमी गुण सुधारण्याचे दार अडले असते. सहकाऱ्याची सूचनाही याच जागी लंगडी पडत होती. भौतिकशास्त्रात तिला खोटेपणाने गैरहजर दाखवले असते, तर ती सगळ्या परीक्षेत अनुत्तीर्ण ठरली असती.

मुलीने रसायनशास्त्राला बसण्याचे ठरवले. तिच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत विभागीय मंडळाच्या सचिवांकडे अर्ज गेला. त्याला शस्त्रक्रियेची नोंद, रुग्णालयातून सुटी मिळाल्याचा कागद आणि ‘बसून लेखन करू शकते, जिना चढू नये’ असे स्पष्ट लिहिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले होते. या प्रमाणपत्राच्या शब्दांकडे मी मुद्दाम लक्ष दिले. ‘रुग्ण आजारी असून विश्रांतीची गरज आहे’ एवढ्याच मजकुराचा कागद कोणत्याही सोयीसाठी उपयोगी पडत नाही, कारण उमेदवाराला नेमके काय करता येते आणि काय येत नाही हे त्यातून कळत नाही. भौतिकशास्त्राच्या दिवशीच्या केसपेपरवर रुग्णालयात दाखल झाल्याची वेळ छापलेली होती आणि ती माझ्या अहवालातील वेळेशी जुळत होती. त्यामुळे मंडळाला शंका घेण्याचे कारणच उरले नाही. आठवड्याने मिळवलेल्या, मागची तारीख घातलेल्या प्रमाणपत्राने हा विश्वास मिळत नसतो.

मंजुरी आधी दूरध्वनीवरून आणि मग लेखी आली. तळमजल्यावरच्या एका खोलीत तिच्यासाठी टेबल, पाठीला टेकू असलेली खुर्ची आणि आडवे होण्यासाठी एक पलंग ठेवला. स्वतंत्र पर्यवेक्षिका नेमल्या. प्रश्नपत्रिका तिला इतरांबरोबरच अकराला मिळाली आणि उत्तरपत्रिका इतरांबरोबरच परत घेतली गेली. मधे दोनदा ती पलंगावर पडली, ती मिनिटे तिची तिनेच सोसली. गणिताच्या पेपराला तिने स्वतःहून पुन्हा दालनात बसायचे ठरवले.

निकालानंतर

५ मे २०२५ रोजी निकाल लागला. भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत २१ आणि प्रात्यक्षिकात २७, एकूण ४८. इंग्रजीत ७०, रसायनशास्त्रात ७४, गणितात ७८ आणि जीवशास्त्रात ८०. सर्व विषयांत उत्तीर्ण.

वडील पुनर्मूल्यांकनाचा विचार करत होते. मी त्यांना सांगितले की छायाप्रत जरूर मागवावी, पण पुनर्मूल्यांकन लिहिलेल्या उत्तरांचे होते, न लिहिलेल्यांचे नाही. २८ गुणांच्या लेखनातून २१ मिळाले आहेत, त्यात फार तर एक-दोन गुण वाढतील. वैद्यकीय कागदपत्रे जोडली म्हणून परीक्षक सवलतीचे गुण देऊ शकत नाही, किंबहुना उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती कोणाची आहे हेच ठाऊक नसते.

आता या ४८ गुणांनी नेमके काय अडते, ते पाहणे आवश्यक होते, कारण ‘कमी गुण पडले’ एवढ्याने काही ठरत नाही. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण पुरतात. तिचे ४८, ७४ आणि ७८ मिळून ३०० पैकी २००, म्हणजे सुमारे ६७ टक्के झाले. तिथे तिला काहीच अडत नव्हते. एनआयटीसारख्या संस्थांत जेईई मेनमधून प्रवेश घ्यायचा तर मात्र खुल्या प्रवर्गासाठी बारावीला ७५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, अशी अट असते. पाच विषयांचे तिचे गुण ५०० पैकी ३५०, म्हणजे ७० टक्के. अपेंडिक्सच्या त्या दुपारी तिचा ४२ गुणांचा पेपर लिहायचा राहिला होता, आणि ७५ टक्क्यांना तिला पंचवीस गुण कमी पडत होते.

महाविद्यालयामार्फत तिने गुणसुधार योजनेचा अर्ज मुदतीत भरला. ही मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते आणि दु:ख करत बसलेल्या घरांतून ती हमखास निसटते, म्हणून मी निकालाच्याच दिवशी वडिलांना महाविद्यालयाच्या कार्यालयात पाठवले होते. परीक्षा २४ जूनपासून सुरू झाली. भौतिकशास्त्राचा पेपर तिने या वेळी पूर्ण लिहिला. जुलैअखेर निकाल आला, तेव्हा त्या विषयात ८१ गुण होते आणि पाच विषयांची टक्केवारी ७६ च्या वर गेली होती.

तरीही त्या वर्षी एनआयटीचा प्रवेश तिला मिळाला नाही. केंद्रीय समुपदेशनाच्या मुख्य फेऱ्या जुलैच्या मध्यापर्यंत उरकलेल्या असतात आणि पुरवणी परीक्षेचा निकाल त्यानंतर लागतो. हा कालावधीचा मेळ मंडळाच्या हातात नाही आणि समुपदेशन करणाऱ्यांच्याही हातात पूर्णपणे नाही. पण जून-जुलैची संधी ‘वर्ष वाचवते’ असे जे सर्रास म्हटले जाते, ते राज्यातल्या प्रवेशापुरतेच बव्हंशी खरे आहे, हे पालकांना आधीच माहीत असायला हवे. तिने सीईटीच्या गुणांवर राज्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राला प्रवेश घेतला. पुन्हा जेईई द्यायची की नाही, हे ठरवायला तिच्याकडे सुधारित गुणपत्रिका आणि हातातला प्रवेश, दोन्ही होते.

ज्यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून हाच प्रश्न येतो, पण तिथला हिशोब उलटा आहे. पूर्वपरीक्षेच्या एकाही पेपराला बसले की तो एक प्रयत्न मोजला जातो, नुसता अर्ज भरून गैरहजर राहिल्यास मोजला जात नाही. म्हणून पेपराच्या सकाळीच अंगात ताप असेल आणि प्रयत्न मोजकेच उरले असतील, तर दालनात शिरण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागतो. पहिला पेपर लिहून दुसऱ्याच्या आधी परत फिरणे हा तिथला सर्वांत महागडा पर्याय आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये करोनाच्या काळात ज्यांचा शेवटचा प्रयत्न वाया गेला, त्यांनी वाढीव संधी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी ती नाकारली.

मंडळाच्या परीक्षेत मात्र प्रयत्नांची अशी मोजणी नाही आणि तिथे गैरहजेरीपेक्षा अर्धा पेपरही अनेकदा अधिक मोलाचा ठरतो. या मुलीच्या बाबतीत तो तसा ठरला, कारण उठण्यापूर्वी तिने लिहिलेली उत्तरे आणि प्रात्यक्षिकाच्या वहीतली वर्षभराची मेहनत यांनी तिला उत्तीर्णांच्या यादीत ठेवले. प्रात्यक्षिकात २७ च्या जागी १२ असते, तर तेच २१ गुण तिला नापास करायला पुरेसे होते, आणि मग मी तिला रसायनशास्त्राला बसवण्याचा आग्रह धरला नसता. निर्णय घेण्यापूर्वी मी तिच्या महाविद्यालयातून प्रात्यक्षिकाचा अंदाज विचारून घेतला होता. अधिकृत गुण कोणी सांगू शकत नाही आणि सांगूही नयेत, पण ‘प्रात्यक्षिक नीट झाले होते ना?’ या प्रश्नाला तिच्या शिक्षिकांनी दिलेला होकार मला पुरेसा होता.